मेकॉलेच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी

गेल्या वर्षी आमच्या हायस्कुलाच्या स्नेहसंमेलनात एका पाहुण्यांनी भाषणात मेकॉलेसाहेबांना हाणले. खिशातून कागद काढून त्यांनी एक उतारा वाचला. त्याचा आशय असा, की मी साऱ्या हिंदुस्थानात फिरलो, मला एकही भिकारी वा चोर दिसला नाही, तेव्हा या राष्ट्राचा कणा मोडायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती उखडली पाहिजे. उतारा संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या, कारण अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दुसरे काही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी ऑफिसात आला. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. आदल्या दिवशी सर्वांत जोरात टाळ्या वाजवणाऱ्यांत तो होता, हे मी व्यासपीठावरून पाहिले होते.

"अरे, कालच तर टाळ्या वाजवत होतास," मी म्हटले.

"राग धरू नका सर," तो खाली बघत म्हणाला. "पण काय करायचं सांगा की! चिपळूणकरांनीच म्हटलंय ना, इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध? तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

मी दाखल्यावर सही केली. आदल्या दिवशी पाहुण्यांपुढे गप्प बसलो आणि त्या दिवशी विद्यार्थ्यापुढे गप्प बसलो. वाचकहो, या दोन मौनांचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहे. आमच्या सीमाभागात हे दोन मंत्र एकाच तोंडून ऐकू येतात. व्यासपीठावर 'इंग्रजी शिक्षणाने गुलाम घडवले' आणि शाळेच्या ऑफिसात 'इंग्रजी शिक्षणाने वाघ घडवले'. माझे म्हणणे असे, की दोन्ही मंत्र अर्धवट आहेत आणि दोहोंत चूक एकच आहे. गुलाम काय आणि वाघ काय, भाषेच्या साच्यातून आपोआप ओतून निघतात, असे दोघेही धरून चालतात.

आधी पाहुण्यांच्या उताऱ्याचा निकाल लावू. तो मेकॉलेचा नाही. या उताऱ्याखाली २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख आणि ब्रिटिश पार्लमेंट हे ठिकाण घातलेले असते. त्या दिवशी मेकॉले पार्लमेंटात नव्हताच, तो कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात होता. त्या तारखेचे त्याचे शिक्षणविषयक टिपण आहे, त्यात भिकारी नाहीत आणि कणाही नाही. जे आहे ते याहून जास्त झोंबणारे आहे. युरोपातल्या एका चांगल्या ग्रंथालयातली एक फळी हिंदुस्थान आणि अरबस्तान यांच्या साऱ्या वाङ्मयाच्या तोडीची आहे, असे त्याने लिहिले, आणि तेही संस्कृत वा अरबी येत नसताना. पुढे त्याने हेतू उघड सांगितला. राज्यकर्ते आणि कोट्यवधी रयत यांच्यामध्ये दुभाष्यांचा एक वर्ग तयार करायचा, जो रंगाने हिंदी पण रुचीने आणि मताने इंग्रज असेल. खरा उतारा एवढा जहाल असताना खोटा कशाला हवा, हे मला उमगत नाही.

मात्र त्याच टिपणातले पुढचे वाक्य आपले वक्ते वाचत नाहीत. या वर्गाने पाश्चात्य शास्त्रांतून शब्द घेऊन देशी बोली समृद्ध कराव्यात आणि ते ज्ञान जनतेपर्यंत न्यावे, असे तिथे म्हटले आहे. दोन वर्षे आधी, १८३३ च्या जुलैत, खरोखरच पार्लमेंटात बोलताना मेकॉले म्हणाला होता, की हे लोक शिकतील आणि एके दिवशी युरोपीय राज्यसंस्था मागतील, तो दिवस इंग्लंडच्या इतिहासात अभिमानाचा ठरेल. म्हणजे आपण दुभाषे घडवत आहोत हे त्याला ठाऊक होते, आणि दुभाषा एक दिवस स्वतःच्या वतीने बोलू लागेल हेही ठाऊक होते. त्याला मूर्ख वा राक्षस ठरवले की आपले काम सोपे होते एवढेच.

आणि आपण मुंबई इलाख्यातली माणसे. बेळगाव-धारवाडही तेव्हा त्याच इलाख्यात. आपल्याकडची इंग्रजी शाळा मेकॉलेच्या टिपणातून जन्मलेली नाही, ती त्याच्या आधीची आहे. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या आश्रयाखाली मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी जी सोसायटी १८२२ साली उभी राहिली, तिने मुख्यतः देशी भाषांतली पुस्तके छापली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणवली, आणि इंजिनिअरिंगचा वर्गदेखील मराठीतून चालवला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. एल्फिन्स्टनची एक आख्यायिका पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. त्याच्या तंबूच्या कोपऱ्यात छापील पुस्तकांचा ढीग पाहून एका लष्करी अधिकाऱ्याने विचारले, ही कशासाठी? तो म्हणाला, इथल्या लोकांना शिकवण्यासाठी, पण आम्हाला युरोपला परत नेणारा हमरस्ता तोच आहे. ही गोष्ट सांगणारे एक तपशील गाळतात. ढीग मराठी पुस्तकांचा होता.

त्या सोसायटीच्या शाळेत तरखडकरांच्या घरातले भाऊ शिकले. वसईजवळच्या तर्खड गावावरून आलेले हे आडनाव आपल्याला 'तर्खडकरी व्याकरणा'मुळे ठाऊक असते. थोरले दादोबा पांडुरंग, जन्म १८१४. त्यांच्या पाठचे भास्कर पांडुरंग, जन्म १८१६. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे त्यांचे धाकटे भाऊ. एकच घर, एकच शहर, तीच शिक्षणाची सोय. गुलाम की वाघ, या प्रश्नाची परीक्षा घ्यायला इतकी स्वच्छ प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. मी पहिल्या दोघांपुरते बोलतो.

भास्कर पांडुरंगांनी १८४१ साली, वयाच्या पंचविशीत, 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी पत्रात 'एक हिंदू' या टोपणनावाने आठ पत्रे लिहिली. साल लक्षात घ्या. काँग्रेस निघायला चव्वेचाळीस वर्षे अवकाश आहे, टिळक-आगरकर जन्मायचे आहेत, दादाभाई सोळा वर्षांचे आहेत. पत्रांचा सूर विनंतीचा नाही, फिर्यादीचा आहे. कंपनी सरकार या देशाची संपत्ती बाहेर नेते, इथल्या विणकराचा धंदा तिच्या व्यापारी धोरणाने बसला, चीनवर अफूसाठी केलेले युद्ध अन्यायाचे आहे, आणि मोठमोठ्या जागांवर देशी माणसाला पाय ठेवू दिला जात नाही. आम्ही तुम्हाला पेंढाऱ्यांच्या लुटीतून सोडवले, ही इंग्रजांची तेव्हाची आवडती बढाई होती. तिला भास्कररावांचे उत्तर असे, की लुटारूंना जे काम करायला पाच-सहाशे वर्षे लागली असती, ते तुमच्या व्यापाराने थोड्या वर्षांत केले, आमचे खिसे रिकामे झाले. हा तरुण तिशी ओलांडताच, १८४७ साली गेला. त्याची पत्रे जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत पडून होती. प्राध्यापक ज. वि. नाईक यांनी ती अभ्यासून जगापुढे मांडली, तेव्हा कुठे कळले, की दादाभाईंच्या संपत्ती-अपहाराच्या सिद्धांताला मुंबईत एक पूर्वपिढी होती.

आता थोरले भाऊ. दादोबा सरकारी शाळांवरचे अधिकारी झाले, पुढे अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. तिथे भिल्लांचे बंड मोडण्यात त्यांनी केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. पेंढाऱ्यांपासून वाचवल्याची बढाई मारू नका असे धाकटा भाऊ राज्यकर्त्यांना बजावतो, आणि त्याच राज्यकर्त्यांच्या वतीने थोरला भाऊ भिल्लांचा बंदोबस्त करतो. शाळा मात्र एकच!

इथे आमचे व्यासपीठावरचे पाहुणे टाळी मागतील. पाहा, थोरला गुलाम निघाला. थोडे थांबावे. हेच दादोबा १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण छापतात, आणि 'मराठीचे पाणिनी' म्हणून ओळखले जातात. इंग्रजी व्याकरण शिकल्यामुळे त्यांना आपल्या भाषेकडे त्या नजरेने पाहता आले. हेच दादोबा सुरतेत मानवधर्म सभेत पुढाकार घेतात, मुंबईत १८४९ साली जातिभेद मोडण्यासाठी निघालेल्या परमहंस सभेचे मार्गदर्शक होतात. सरकारशी एकनिष्ठ आणि समाजाशी बंडखोर, असा हा माणूस. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी, म्हणजे आपल्या गोव्याच्या प्रियोळच्या सुपुत्राने, १९४७ साली संपादून छापले. ज्या वर्षी रावबहादुर देणारे राज्य गेले, त्याच वर्षी रावबहादुरांचे पुस्तक आले.

तेव्हा 'साथीदार' आणि 'टीकाकार' ही माणसांची दोन गावे नव्हेत. पुष्कळदा तो एका माणसाच्या दिवसाचा सकाळ-संध्याकाळचा भेद असतो. बाळशास्त्री जांभेकर सरकारी शिक्षणसंस्थेत प्राध्यापक होते आणि शाळा तपासायलाही जात, आणि त्याच बाळशास्त्रींनी १८३२ च्या ६ जानेवारीला 'दर्पण' काढले, एका बाजूच्या रकान्यात इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. तो रकाना मला फार अर्थपूर्ण वाटतो. राज्यकर्त्याला ऐकू जावे म्हणून एक, आपल्या माणसाला कळावे म्हणून दुसरा.

मग नेमके काय ठरवते, की इंग्रजी शिकलेला माणूस केव्हा साथीदार होतो आणि केव्हा टीकाकार? माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन गोष्टी. पहिली, तो शिकलेले कशासाठी वाचतो. दुसरी, तो लिहितो कोणासाठी.

पहिली गोष्ट दादाभाई नवरोजींच्या उदाहरणाने पाहू. दादाभाई एल्फिन्स्टन संस्थेचेच विद्यार्थी, आणि पुढे तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. हिंदुस्थान दरिद्री आहे हे त्यांनी भावनेने सांगितले नाही. सरकारचे स्वतःचे अहवाल पुढे घेतले. प्रांतवार पिकाखालची जमीन किती, एकरी उत्पन्न किती, बाजारभाव काय, हे त्या अहवालांतूनच काढले, त्यांचा गुणाकार केला, त्यात इतर उत्पादन मिळवले आणि डोकी मोजून भागले. उत्तर आले, वर्षाला माणशी सुमारे वीस रुपये. मग त्यांनी सरकारी कागदांतूनच दुसरा आकडा काढला, की तुरुंगातल्या कैद्याला जगवायला सरकार किती खर्च करते. कैद्याचा खर्च मोकळ्या रयतेच्या उत्पन्नाहून जास्त निघाला! हे गणित सातवीच्या मुलाला येईल. फरक एवढाच, की तेच अहवाल शेकडो इंग्रजी शिकलेल्या कारकुनांनी स्वच्छ अक्षरात उतरून काढले होते आणि त्यांच्यापैकी कोणाच्या मनात भागाकार आला नव्हता. कारकुनाने अहवाल उतरला, दादाभाईंनी तो वाचला. भाषा एक, मजकूर एक.

हे कारकून असे का झाले, याचे उत्तर इंग्रजी भाषेत नाही, पगारात आहे. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंगने ठराव केला, की सरकारी नोकरीत इंग्रजी शाळांत शिकलेल्यांना प्राधान्य द्यावे. त्या दिवसापासून शाळेचे दार आणि कचेरीचे दार एकाच ओसरीवर उघडू लागले. आई-बापांनी इंग्रजीची मागणी केली ती शेक्सपिअरसाठी नव्हे. या मागणीला मी हसत नाही, घरात चूल पेटवावी लागते. पण मागणीचे नाव ज्ञान होते असे कोणी सांगू नये.

याच काळात मुंबईच्या शिक्षण मंडळात एक वाद पेटला, तो आमच्या पालकांना ठाऊक असायला हवा. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे, की पैसा थोडा आहे, तो मूठभरांना उत्तम इंग्रजी शिक्षण देण्यावर घालावा. १८४७ साली जर्व्हिस यांनी विरोध केला, आणि मंडळावरचे तिन्ही देशी सभासद जर्व्हिस यांच्या बाजूला गेले. त्यांत जगन्नाथ शंकरशेट अग्रणी होते. मुंबईचे सर्वांत वजनदार सावकार, सरकारदरबारी मान, इंग्रजी शिक्षणाला सढळ हाताने देणगी देणारे. त्यांना इंग्रजीचा द्वेष नव्हता. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की पश्चिम हिंदुस्थानातल्या लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान पोचवायचे तर देशी भाषेचे साधन इंग्रजीहून सरस आहे. इंग्रजी जरूर शिकवा, पण विषय मुलाच्या भाषेतून शिकवा. साहेब इंग्रजी लादत होता आणि देशी सावकार मराठीसाठी भांडत होता असे हे चित्र, आणि त्यात मराठीच्या बाजूला एक साहेबही होता. सरकारने १८४८ साली दोन्ही बाजूंना गोंजारून मधला मार्ग काढला, आणि मधल्या मार्गावर नेहमी जे होते तेच झाले. वरच्या वर्गांत इंग्रजी पक्की बसली. पुढे विद्यापीठाच्या परीक्षांतून मराठी बाहेर गेली, आणि ती परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले. मराठीत एम.ए. झालेला माझ्यासारखा मास्तर त्या झगड्याचे ऋण घेऊनच उभा आहे.

आता दुसरी गोष्ट, लिहायचे कोणासाठी. इथे साक्ष मी कोणा मराठी अभिमान्याची काढत नाही, सरकारचीच काढतो. १८७८ च्या मार्चमध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने वर्तमानपत्रांना लगाम घालणारा कायदा केला. तो फक्त देशी भाषांतल्या पत्रांना लागू होता, इंग्रजी पत्रांना नव्हता. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने या कात्रीतून सुटण्यासाठी बंगालीऐवजी इंग्रजीत निघण्याचा मार्ग पत्करला, आणि कायदा तिच्यापुढे लुळा पडला. वाचकहो, याचा अर्थ नीट बघा. चाळीस वर्षे इंग्रजी शाळा चालवल्यावर सरकारने स्वतःच निकाल दिला, की इंग्रजीतली टीका आम्हाला सोसते, कारण ती आम्हाला उद्देशून असते. मराठीतली, बंगालीतली टीका सोसत नाही, कारण ती रयतेला उद्देशून असते. लिटनसाहेबाइतका स्पष्ट भाषाशास्त्रज्ञ मला दुसरा आढळलेला नाही.

भास्कररावांची आठ पत्रे तिखट होती, पण इंग्रजीत होती. ती वाचून तर्खडचा शेतकरी उठला नसता. त्यामुळे त्या १८४१ सालच्या दुसऱ्या घटनेला मी अधिक महत्त्व देतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भाऊ महाजनांनी मुंबईत 'प्रभाकर' हे मराठी साप्ताहिक काढले, आणि पुढे लोकहितवादींची शतपत्रे त्यातच आली. १८४३ साली रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन आणि सांप्रतच्या स्थितीवर मराठीत एक पुस्तकच लिहिले, त्यात इंग्रजी राज्याच्या अर्थव्यवहाराची चिकित्सा आहे. इंग्रजीतून घेतलेला भागाकार मराठीत मांडला गेला, तेव्हा तो गावात शिरला.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या वाघिणीकडे येऊ. हे वाक्य चिपळूणकरांच्या नावावर चालते. तर त्या वाघिणीचे दूध प्यालेल्या विष्णुशास्त्र्यांनी केले काय? १८७४ साली 'निबंधमाला' काढली, ती मराठीत. १८७९ साली सरकारी नोकरी सोडली. १८८० च्या आरंभी पुण्यात शाळा काढली, तिचे नाव 'न्यू इंग्लिश स्कूल', आणि पुढच्याच वर्षी 'केसरी', तो मराठीत. माझ्या बाबा, दूध वाघिणीचे असेल, डरकाळी मराठीत होती! तू दूध घेऊन चाललास आणि डरकाळी माझ्या टेबलावर ठेवून गेलास.

पण माझ्या बाजूलाही एक भोक आहे, ते मी झाकणार नाही. हे सारे टीकाकार पांढरपेशे होते, आणि त्यांची टीका बहुधा राज्यकर्त्यांपर्यंत जाऊन थांबे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेल्या, टॉमस पेन वाचलेल्या जोतीराव फुल्यांनी ही गोष्ट पकडली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला विचारले, की शेतसारा भरतो कुणबी, आणि त्या पैशावर वरच्या वर्गांची मुले उच्च शिक्षण घेतात, हा कुठला न्याय? वरून झिरपत खाली येईल असे म्हणता, खाली तर काही आले नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. निवेदन इंग्रजीत, कारण ते कमिशनसाठी होते. 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' मराठीत, कारण ती शेतकऱ्यासाठी होती. कोणती भाषा कुठे चालवायची हे या माणसाला सर्वांत नेमके कळले होते. इंग्रजी शाळेने साथीदार आणि टीकाकार घडवले असे म्हणताना, जोतीरावांच्या नजरेने पाहिले तर काही टीकाकारही दुसऱ्या कोणाच्या छळाचे साथीदार निघतात.

हे बोट आपल्याकडेही वळते, आणि सीमाभागात राहून ते मोडून ठेवता येत नाही. मुंबई इलाख्याच्या आरंभीच्या काळात बेळगाव-धारवाडच्या कानडी मुलांना शाळेत मराठी शिकावी लागत होती. त्यांच्यापुरती मराठीच साहेबाची भाषा होती. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या, सरकारच्याच शिक्षणखात्यात नोकरी करणाऱ्या माणसाने कानडी शाळा उभ्या करण्यासाठी खस्ता खाल्ल्या. सरकारी नोकर, आणि सरकारी चालीचा टीकाकार. त्या जातीचा माणूस तरखडकरांच्या घरात सापडला तर आपण हार घालतो, शेजारच्या घरात सापडला तर ओळखत नाही, हे बरे नव्हे. मायबोलीचा जो हक्क आपण मागतो तोच हा हक्क.

आता निकालाचे बोलतो. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात जवळजवळ सारे इंग्रजीत चालत असतानाही डिरोझिओच्या शिष्यांसारखे बंडखोर निघाले, तेव्हा इंग्रजी माध्यमातून टीकाकार निघतच नाही असे मी म्हणणार नाही. ते खोटे ठरेल, आणि माझी नोकरी खोटे न शिकवण्याची आहे. पण इंग्रजी माध्यमाने वाघ होतो हेही तितकेच खोटे आहे. इंग्रजी शाळेने सरकारला हवे होते तेवढे कारकून बिनबोभाट पुरवले. टीकाकार हे त्या कारखान्याचे ठरलेले उत्पादन नव्हते. मुंबई इलाख्यात ते बहुधा तिथे निघाले, जिथे इंग्रजीच्या खाली मायबोलीची जमीन पक्की होती आणि शिकलेले तिच्यात परत आणायची सवय होती. दादोबांनी व्याकरण आणले, भाऊ महाजनांनी वर्तमानपत्र आणले, जोतीरावांनी असूड आणला.

म्हणून माझ्या विद्यार्थ्याला, आणि त्याच्यासारख्या शेकडो आई-बापांना, माझे सांगणे मेकॉलेच्या नावाने बोटे मोडण्याचे नाही. लेकीला इंग्रजी शाळेत घातलेस, ठीक आहे, दाखल्यावर सही मीच केली आहे. पण दर रविवारी तिला समोर बसव. त्या आठवड्यात शाळेत शिकलेले काहीही, झाडाचे अन्न म्हण, व्याजाचे गणित म्हण, तिने आजीला मराठीत एक पानभर लिहून समजावले पाहिजे. आजीला कळले तर मुलगी शिकली. आजीला कळले नाही आणि परीक्षेत मात्र नव्वद मार्क पडले, तर समज की तिने अहवाल उतरून काढला आहे, वाचलेला नाही.

आणि पुढच्या संमेलनाच्या पाहुण्यांना विनंती, की तो खोटा उतारा घरी ठेवून यावे. त्याऐवजी मुलांना भास्कर पांडुरंगांची गोष्ट सांगावी. पंचविशीतला मुलगा, टोपणनावाने, राज्यकर्त्याच्या भाषेत त्याच्याच हिशेबाची चूक दाखवतो, ही गोष्ट खरी आहे, आणि ती आपल्याच घरची आहे. टाळ्या थोड्या कमी पडतील, पण त्या वेळी मी मनापासून वाजवीन.